कंपनीने पीएफ १८०० वरून वाढवावा म्हणून पत्र कसं लिहायचं?

"माझा बेसिक ४० हजार आहे पण कंपनी पीएफ फक्त १८०० भरते. वाढवून मागायचंय, पत्रात काय लिहू? शेवटी किती फरक पडतो तेही दाखवायचंय."

माझाही बेसिक तेव्हा एवढाच होता म्हणून माझंच सांगतो. १८०० म्हणजे १५ हजारांचे १२ टक्के, कायद्याने कंपनीला तेवढंच बंधन आहे, त्यामुळे पत्रात हक्काची भाषा नको, विनंतीच करा. त्या १८०० मधले १२५० पेन्शनला जातात आणि तुमच्या पीएफ खात्यात कंपनीचे येतात फक्त ५५०. पूर्ण बेसिकवर धरलं तर कंपनीचे ४८०० होतात, पेन्शनचे तेच १२५०, म्हणजे वाढलेले ३००० सगळेच्या सगळे खात्यात.

आता मी केलेली चूक. एक्सेलमध्ये हे टाकलं:

```
=FV(8.25%/12,240,-3000)
```

२० वर्षांचे १८.२३ लाख आले, तेच पत्रात लिहून मोकळा झालो. अकाउंट्सवाले म्हणाले, अहो पीएफचं व्याज महिन्याच्या शिलकेवर मोजतात पण जमा वर्षातून एकदाच होतं, तुम्ही दरमहा चक्रवाढ लावलीय. बरोबर आकडा साधारण १७.५८ लाख, तोही व्याज ८.२५ टक्केच राहिलं आणि बेसिक वाढलाच नाही असं धरून. तुमच्याकडूनही ३००० जास्त कापले जातील, त्याचे तेवढेच वेगळे, पण ते पत्रात मिसळू नका कारण स्वतःचे तर व्हीपीएफमधूनही वाढवता येतात, त्यासाठी कंपनीकडे हात कशाला पसरायचे!

मी दुसऱ्यांदा दिलेलं पत्र असं होतं:

"माननीय एचआर मॅनेजर, माझा पीएफ सध्या १५,००० च्या मर्यादेवर कापला जातो. तो प्रत्यक्ष बेसिकवर (४०,०००) करावा ही विनंती. कंपनीचा वाटा दरमहा ३,००० ने वाढेल आणि सध्याच्या व्याजदराने २० वर्षांत माझ्या खात्यात सुमारे १७.५८ लाख जास्त जमतील. ही वाढ सध्याच्या सीटीसीव्यतिरिक्त मिळावी. ईपीएफ योजनेच्या परिच्छेद २६(६) प्रमाणे लागणाऱ्या संयुक्त अर्जावर सही करायला मी तयार आहे."

यातलं "सीटीसीव्यतिरिक्त" विसरलात तर सगळं मुसळ केरात. एचआर खुशाल हो म्हणेल आणि ते ३००० तुमच्याच स्पेशल अलाउन्समधून काढेल, म्हणजे हातात महिन्याला ६००० कमी आणि कंपनीच्या खिशातून जवळपास काहीच नाही. वेगळे मिळाले तरी तुमचा वाटा वाढल्यामुळे हातात ३००० कमी येणारच, घरचे हप्ते बघून ठरवा.

मी जानेवारीत दिलं, अप्रेझलच्या आधी. एप्रिलपासून लागू झालं, फक्त त्या वर्षीचं इन्क्रिमेंट मात्र नावालाच मिळालं 😄