‘ओव्हरलोड’ कशावरून, ते आधी लेखी विचारा

प्रश्न : वॉशिंग मशीन वॉरंटीत असतानाच बिघडलं. दुकानदार म्हणतो, तुमच्या वापरामुळे झालं, पैसे भरा. क्लेमचं पत्र कसं लिहू?

पत्रात ‘आम्ही मशीन नीट वापरलं’ असं पानभर लिहू नका. ते तुम्हाला सिद्ध करता येत नाही आणि समोरचा ते वाचतही नाही. दोष तुमचा आहे असं तो म्हणतोय, तर कशावरून म्हणतोय ते त्याला सांगू दे.

आमचं फ्रंट लोड मशीन दोन वर्षांच्या वॉरंटीतलं. दुसऱ्या वर्षी स्पिनला विमान उडाल्यासारखा आवाज यायला लागला. रिकामा ड्रम हाताने फिरवला तरी घरघर. तंत्रज्ञ आला, पाच मिनिटांत जॉबशीटवर ‘ओव्हरलोड, चार्जेबल’ लिहिलं आणि सही मागितली. आमचे मोठे दीर तिथेच बसले होते. तेही म्हणाले, ‘चादरी, पडदे सगळं एकदम कोंबता, मग बेअरिंग जाणारच. पैसे देऊन मोकळ्या व्हा.’ घरातलंच माणूस कंपनीची बाजू घेतं तेव्हा जास्त लागतं. मी सही केली नाही. तक्रार बंद करायला तो ओटीपी मागत होता, तोही दिला नाही.

मी त्याला मागचं झाकण उघडायला लावलं. पुलीच्या खाली, टबच्या पाठीवर तपकिरी गंजाचे ओघळ वाळलेले होते. बेअरिंगच्या पुढे रबरी सील असतं. ते गळायला लागलं की साबणाचं पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि बेअरिंग गंजतं. ओघळ त्याचेच. नुसत्या वजनाने काही खराब व्हायचं तर ताण शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगांवरही दिसायला हवा, आणि ते दोन्ही ठणठणीत होते. मी ओघळांचे फोटो काढले, आवाजाचा व्हिडिओ घेतला आणि जॉबशीटचाही फोटो घेतला.

पत्र दुकानदार आणि कंपनी दोघांच्या नावाने लिहिलं. वर बिलाचा नंबर, खरेदीची तारीख, मशीनचा सीरियल नंबर आणि पहिली तक्रार नोंदवल्याची तारीख. ही शेवटची तारीख सगळ्यात महत्त्वाची, कारण तक्रार मुदतीत झाली हे तिच्यावरून ठरतं. नंतर काय दिसलं ते चार ओळींत. मग मुख्य परिच्छेद, जवळपास असा : ‘आपल्या तंत्रज्ञाने ओव्हरलोडचा शेरा मारला आहे. तो कोणत्या निरीक्षणावर आधारित आहे आणि वॉरंटीच्या कोणत्या अटीनुसार दुरुस्ती नाकारली आहे, हे लेखी कळवावे. काढलेला भाग माझ्या लेखी संमतीशिवाय नष्ट करू नये.’ शेवटी मागणी : मोफत दुरुस्ती, ती होत नसेल तर बदली मशीन किंवा पैसे परत, आणि उत्तरासाठी १५ दिवस. ईमेल केलाच, शिवाय स्पीड पोस्टने पाठवून पोच ठेवली.

काढलेल्या भागाचं वाक्य वगळू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे चाचणीशिवाय दोष कळणार नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. चाचणीची फी आधी तक्रारदाराला भरावी लागू शकते. पण भागच भंगारात गेला तर तपासणार काय?

कंपनीने सील आणि बेअरिंग फुकट बदललं, पण कागदावर लिहिलं ‘सद्भावना म्हणून’. दीर आजही म्हणतात, त्यांनी उपकार केले. उपकार कसले? आम्ही वॉरंटीचे पैसे मशीनच्या किमतीतच दिले होते. शिवाय तो शेरा तसाच राहिला असता तर पुढच्या बिघाडाला ‘ग्राहकाची आधीचीही चूक आहे’ म्हणायला ते मोकळे. मी ईमेल करून ओव्हरलोडचा शेरा काढायला लावला आणि ‘वॉरंटीअंतर्गत दुरुस्ती’ असं लिहून घेतलं. भाऊजी, हे वाचत असाल तर तो कागद माझ्याकडे आहे.

तुमच्या मशीनमध्ये नेमकं काय गेलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. उंदराने वायर कुरतडली असेल किंवा बाहेरच्या मेकॅनिकने मशीन उघडलं असेल, तर हे पत्र फारसं चालणार नाही. बहुतेक वॉरंटीत या गोष्टी वगळलेल्याच असतात. नाइलाजाने पैसे भरलेच असतील तर ‘हक्क राखून भरले’ असं त्याच दिवशी ईमेलने कळवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवा, नंतर जिल्हा आयोगात जा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मात्र दावा लावायची मुदत दोन वर्षांची आहे, आणि नुसती पत्रं पाठवत राहिल्याने ती वाढत नाही.