पीजीच्या आदल्या रात्रीचं माझं डायरीतलं पान

अरे भाऊ, तू पीएचसीत इंटर्नशिप करत करत पहिल्यांदा नीट पीजी देतोयस ना, तर माझ्या त्या रात्रीचं पान देतो:

'रात्री ९, नागपूर, लॉज. दुपारच्याच एसटीने निघालो ते बरं केलं, गावाजवळच्या नाल्याला पाणी चढत होतं. शेवटच्या मॉकमध्ये एका ईसीजीवर पाच मिनिटं गेली अन् त्या सेक्शनचे चार प्रश्न उघडलेच नाही.'

ही ईसीजीवाली चूक सगळेच पहिल्यांदा करतात. पेपरात ४०-४० प्रश्नांचे पाच सेक्शन, प्रत्येकाला ४२ मिनिटं, वेळ संपली की तो सेक्शन बंद, परत जाता येत नाही. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरच. पहिल्या ३० मिनिटांत सगळे ४० बघून घे, अडलं की मार्क करून पुढे जा, उरलेली १२ मिनिटं त्या अडलेल्यांना दे.

दुसरी चूक म्हणजे निगेटिव्हच्या भीतीने प्रश्न कोरे सोडणं. बरोबरचे ४, चुकीचा वजा १. दोन पर्याय नक्की कटले अन् असे दोन प्रश्न मारले, त्यातला एक बरोबर आला तरी ४ वजा १, तीन मार्क पदरात. कोरे सोडले तर शून्य.

अन् आज रात्री नवीन नोट्स उघडू नको बाप्पा. छापलेलं अ‍ॅडमिट कार्ड, ओरिजिनल ओळखपत्र, रजिस्ट्रेशनची झेरॉक्स एका फाइलीत टाक आणि झोप.