खलनायकाच्या तोंडी "च्या घे, गार हुतोय"

प्रश्न : आमच्या गावच्या यात्रेतल्या नाटकात सावकाराचं लांबलचक भाषण आहे. तो ओरडतो, गडगडाटी हसतो आणि तालमीला बसलेली पोरंही हसतात. आरडाओरडा न करता, साध्या बोलण्यातून लोकांना त्याची भीती कशी वाटेल?

उत्तर :

साताऱ्याकडच्या हौशी मंडळांची नाटकं मी बरीच वर्षं बसवतोय. असंच एक भाषण आम्हाला पूर्ण बदलावं लागलं होतं, तेच सांगतो. जुनं भाषण असं होतं :

"हा हा हा! या आण्णाच्या नजरेतनं आजवर कुणी सुटलं न्हाई! गणपा, तुझ्या विहिरीच्या रानाचा मालक मी हुणार! तुझं घर धुळीला मिळवीन, पोरीला रस्त्यावर आणीन! हा आण्णा म्हंजे साक्षात काळ हाय, काळ!"

याच्यात माहितीच्या गोष्टी तीनच : विहिरीचं रान, घर आणि पोरगी. बाकी सगळी आण्णाची स्वतःबद्दलची जाहिरात. ज्याच्या हातात खरोखर सत्ता आहे, त्याला ती बोलून दाखवावी लागत नाही. म्हणून जाहिरात काढून टाकली आणि त्या तीन गोष्टींबद्दल एकच प्रश्न विचारला : आण्णाला यातलं नेमकं काय ठाऊक आहे?

दुसरा बदल असा की, जुनं भाषण स्वगत होतं, आण्णा एकटाच प्रेक्षकांकडे बघून बोलायचा. आम्ही गणपाला समोर आणलं. घाबरणारं माणूस समोर असलं की भीती प्रेक्षकांना त्याच्या चेहऱ्यावर दिसते, बोलणाऱ्याला ती आवाजात आणावी लागत नाही.

नवं भाषण असं झालं. आण्णा ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरतोय, गणपा अंगणात उभा आहे.

"ये गणपा. बस की. उभा का? बापू, दोन कप च्या ठिवा. (सुपारी.) राती तुझी मोटर चालू हुती न्हवं? लाईट बाराला आली. दोनला मोटर बंद झाली. मी म्हटलं, कडंचं दोन वाफं ऱ्हायलं असतील. ऱ्हायलं ना? मला आताशा झोप लागत न्हाई. (सुपारी.) पोर हुशार हाय तुझी. सातच्या यष्टीनं जाती. काल एकटीच हुती. मैतरीण आजारी हाय का तिची? (सुपारी.) मी डायवरला सांगितलंय, पोर चढल्याबिगर गाडी हलवायची न्हाई. (बापू चहा आणून ठेवतो.) मंगळवारी तालुक्याला जाऊ. नऊला गाडी पाठवतो. आधार कार्ड तेवढं घे. फोटो तितंच काढत्यात. साक्षीदार दोन माझंच हायत, तुला शोधाय नको. खरेदीखत नुसतं म्हणायचं, रान तूच कसायचं. पैसं फेडलंस की परत फिरवू. बापूला इचार, त्याचं बी असंच केलं. च्या घे, गार हुतोय."

यात एकही वाक्य धमकीचं नाही. मोटारीचं वाक्य म्हणजे रात्री दोन वाजता तुझ्या रानात काय चाललंय ते मला कळतं. शेतीची लाईट रात्रीच्या पाळीला कधी येते आणि मग पाणी धरायला एकट्यानं कसं जावं लागतं, हे गावातल्या प्रत्येक माणसाला माहीत असतं, म्हणून हे वाक्य थेट त्याच्या अंगाला भिडतं. डायव्हरचं वाक्य तर उपकाराचं आहे. गणपानं यावर रागवायचं कसं? "माझ्या पोरीची काळजी का घेता" असं म्हणता येत नाही.

आणि खरेदीखत. खाजगी सावकारीत हे खरोखर असंच चालतं. कर्ज असतं, कागद मात्र गहाणाचा न होता विक्रीचा होतो आणि "तात्पुरता" हा शब्द फक्त तोंडी राहतो. सातबाऱ्यावर सावकाराचं नाव लागलं की नुसत्या तोंडी शब्दावर रान परत मिळवणं फार अवघड होतं. समोर बसलेल्यांतल्या काहींच्या घरात हे घडलेलं असतं. म्हणून आधार कार्ड, फोटो, साक्षीदार ही कचेरीतली साधी नावं त्यांना "धुळीला मिळवीन"पेक्षा जास्त टोचतात.

पण हे सगळं उभं आहे ते बापूवर, आणि तो भाषणात नाही, पहिल्या अंकात आहे. तिथं त्याला एकच वाक्य दिलं. बांधावर उभं राहून तो गणपाला म्हणतो, "त्या चिंचंपलीकडचं रान माझं हुतं." बस्स, कसं गेलं ते सांगत नाही. मग दुसऱ्या अंकात तोच माणूस आण्णाचे कप उचलताना दिसतो, आण्णा त्याला "बापू, ठिवा" असं आदरानं बोलतो आणि शेवटी म्हणतो, "त्याचं बी असंच केलं." आमच्या पहिल्या मसुद्यात पहिल्या अंकातलं ते वाक्य नव्हतं. तेव्हा तालमीला आलेल्या दोघांना आण्णा हा गावातला चांगला माणूस वाटला होता.

तुम्हीही अशी परीक्षा घ्या. नाटक माहीत नसलेल्या माणसाला नुसतं भाषण वाचून दाखवा. त्याला ते साधं, थोडं मायेचंच वाटलं पाहिजे. तेवढ्यानंच तो दचकला तर शब्दांत अजून काटे शिल्लक आहेत, ते काढा. मग आधीचा प्रवेश दाखवून तेच भाषण परत ऐकवा. आता त्याला ते नकोसं वाटायला हवं. वाटलं नाही तर भाषणाला हात लावू नका, आधीचा प्रवेश दुरुस्त करा.

नटाच्या बाबतीत एक चूक हमखास होते. शांत बोल म्हटलं की तो घोगरा, दाबका आवाज काढतो. तो खलनायकाचाच आवाज, फक्त हळू केलेला. उघड्या मैदानात, वर टांगलेल्या माईकला तो पोचतही नाही. शेजाऱ्याला ओट्यावरून हाक मारतो तेवढ्या मोकळ्या आवाजात बोलायला लावा. यष्टीच्या वाक्यावर त्यानं हसायचं नाही, गणपाकडे रोखून बघायचं नाही, नजर सुपारीवर ठेवायची. कीबोर्डवाल्याला आधीच बजावा की या प्रवेशात एकही सूर वाजवायचा नाही, तांबडा लाईटही टाकायचा नाही. थांबे अडकित्त्यानं मोजा : "एकटीच हुती"च्या आधी नाही, "मैतरीण आजारी हाय का"च्या नंतर एक कातर. आधी थांबलं की प्रेक्षकांना सूचना मिळते आणि ते सावध होतात.

हा प्रवेश नाटकाच्या सुरुवातीला ठेवू नका. लोक बसत असतात, पोरं रडत असतात, बाहेर पाळण्याचा भोंगा चालू असतो. दुसऱ्या अंकात, एखाद्या हसऱ्या प्रवेशानंतर ठेवा.

आमच्या पहिल्या प्रयोगाला आण्णाचं काम करणाऱ्यानं टाळी मिळेना म्हणून शेवटी आपल्या मनानं जोडलं, "न्हाई आलास तर बघ." मी विंगेत होतो. ते वाक्य पडलं आणि पुढच्या सतरंजीवरच्या बायका, ज्या तोवर हलल्या नव्हत्या, एकमेकींशी बोलायला लागल्या. धमकी दिली की गणपाला उत्तर देता येतं, निदान पळून तरी जाता येतं. "च्या घे"ला उत्तर नसतं.

दुसऱ्या प्रयोगाला ते वाक्य काढलं आणि गणपालाही एकही शब्द दिला नाही. तो कप उचलतो, ओठापर्यंत नेतो, खाली ठेवतो. आण्णा आत जातो. बापू येऊन कप उचलतो, एक रिकामा, एक भरलेला, आणि भरलेला कप गणपाकडे न बघता अंगणातल्या तुळशीपलीकडे ओततो.