डेक तपासताना स्लाइड नाही, आकडा धरून चाल

अरे, काल पाठवलेला 64 स्लाइडचा डेक बघितला. स्पेलिंगा छान पकडल्यास, पण सक्रिय ग्राहकांचा आकडा तीन ठिकाणी तीन प्रकारे आलाय तो सुटला. सुटणारच, कारण तू पहिल्या स्लाइडपासून क्रमाने वाचत गेलास आणि 41 वर पोचेपर्यंत 5 वर काय होतं ते कुणाच्या लक्षात राहतं?

मी उलटं करतो. एक आकडा घेतो आणि तो पूर्ण डेकमध्ये जिथे जिथे आहे तिथेच उड्या मारतो, मग पुढचा आकडा. Ctrl+F आहेच, पण चित्र म्हणून चिकटवलेल्या टेबलमधलं त्याला दिसत नाही, ती डोळ्यांनीच बघायची. आणि शोधताना सगळी नावं शोध, ग्राहक, कस्टमर, युजर, कारण चार जणांनी मिळून बनवलेल्या डेकमध्ये एकाच गोष्टीला चार नावं असतातच.

आता तुझाच डेक घे. 5 वर 1.2 लाख सक्रिय ग्राहक, 19 वर 1,18,400, आणि 41 वर 1.31 लाख युजर्स. पहिले दोन भांडत नाहीत, 1,18,400 ला गोल केलं की 1.2 लाख होतात. तिसरा मात्र खरंच वेगळा आहे, पण चूक म्हणायची घाई नको. 41 च्या खाली बारीक अक्षरात 30 जून लिहिलंय, 19 वर 31 मार्च आहे, म्हणजे तारीखच वेगळी. शिवाय 'युजर्स'मध्ये नुसते नोंदणी केलेलेही धरलेत का, हा प्रश्न उरतोच, तो डेकमधून सुटत नाही, ज्याने स्लाइड केली त्यालाच विचारायचा.

खरी गंमत 44 वर आहे. तिथे तीन महिन्यांत 9% वाढ लिहिलीये, कुणीतरी 1.31 ला 1.2 ने भागलंय. मूळ 1,18,400 धरलं तर 10.6% येते (युजर्स आणि ग्राहक एकच असतील तर हं). गोल केलेल्या आकड्यावरून टक्के काढले की असं होतं, म्हणून प्रत्येक टक्केवारी मूळ आकड्यांवरून एकदा स्वतः काढून बघत जा.

आणि प्लीज, परस्पर काही बदलू नकोस. मी एकदा एका डेकमध्ये 'चुकलेला' आकडा गुपचूप सरळ केला होता, नंतर कळलं बरोबर तोच होता आणि बाकीचे सहा जुने होते 😅 मीटिंगमध्ये बसल्या बसल्या घाम फुटला.

त्यापेक्षा असं लिहून पाठव: "स्लाइड 44, 9% आहे, स्लाइड 19 वरून 10.6% येतं, 'युजर्स' म्हणजे सक्रिय ग्राहकच असतील तर 10.6% करावं, नसतील तर वाक्यच काढावं, ठरवणार सेल्स टीम." शब्दांचंही तसंच, 'सक्रिय ग्राहक' ठेवायचं की 'युजर', ते एकदा ठरवून घे आणि मगच सगळीकडे बदल.

19 आणि 41 ची मूळ एक्सेल आजच मागव, उद्या दुपारी डेक पुढे जातोय.