लॉकर घेताय? आधी भाडं गुणिले शंभर करा

लॉकर शिल्लक नाही म्हणाले तर प्रतीक्षा यादीतला क्रमांक मागून घ्या. तो देणं बँकेला बंधनकारक आहे. 'दोन लाखांची एफडी करा, मग बघू' असं मलाही ऐकवलं होतं. नियमानुसार बँक तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडण्याचा खर्च भागेल एवढीच ठेव मागू शकते.

आता खरी गोम. चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यात ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच. समजा भाडं 3,000 रुपये आणि आत 12 लाखांचे दागिने. तर जास्तीत जास्त 3 लाख मिळतील. पूर, भूकंप किंवा तुमचा निष्काळजीपणा असेल तर तेही नाही. म्हणून तळघरातला लॉकर मी टाळतो.

आत काय आहे हे बँकेला माहीत नसतं, त्यामुळे पुरावा तुम्हीच जपायचा: दागिन्यांचे फोटो, पावत्या, वजनं घरी ठेवा आणि विमा वेगळा काढा. रोकड मात्र आत ठेवू नका, करारात तिला मनाई असते. सही करण्याआधी ते कलम वाचा.