ओलसर भिंतीला कुठलं स्कर्टिंग लावावं?

प्रश्न: वडोदऱ्यात तळमजल्यावर राहतो, पावसाळ्यात भिंतीला खालून ओल धरते. स्कर्टिंग लाकडी, पीव्हीसी की टाइलचं? खिळे की चिकटवायचं? आणि किचनमध्ये पाइप आत येतो तिथली फट कशी झाकू?

उत्तर: टाइलचंच लावा, चार इंची, आणि टाइल अ‍ॅडहेसिव्हने चिकटवा, खिळे नकोत. इंदूरला मी फरशीचीच कामं घेतो, तिथे पाहिलंय की ओलीने लाकूड फुगतं आणि पीव्हीसीची पट्टी पोपडे आलेल्या रंगावर चिकटवली की रंगासकट सुटून येते, खिळा मारला तर पोकळ प्लास्टर झडतं, शिवाय आतला पाइप फुटायची भीती. म्हणून आधी रंग खरवडून प्लास्टर उघडं करा, बोटाने ठोकून बद्द वाजलं तर तेवढं काढून नवीन करा. दोन बाय दोनच्या एका टाइलमधून जवळपास चार इंची सहा पट्ट्या निघतात, स्वस्तात होतं. पाइपाशी पट्टीचा जोड बरोबर पाइपाच्या मध्यावर आणा, दोन्ही तुकड्यांना अर्धगोल खाच कापा, भोवती पाच-सहा मिलिमीटर जागा ठेवा, त्यात फोमची दोरी दाबून वरून सिलिकॉन भरा. व्हाइट सिमेंट तिथे नकोच, पाइप जरा हलला की तडा जातो. फक्त एक, स्कर्टिंगने ओल थांबत नाही, पट्टीच्या वर पांढरे क्षार दिसायला लागले तर उंची वाढवू नका, आधी ओलीचा बंदोबस्त करा.