तक्ता हाताने तपास

काल मडगावच्या लॅबमध्ये दाखवलास तो कमीत कमी नाण्यांत रक्कम जमवायचा तक्ता आधी कागदावर भर. नाणी 4, 6, 9 घे, रक्कम 12. `dp[i]` म्हणजे i रक्कम जमवायला लागणारी कमीत कमी नाणी; `dp[0]=0`, बाकी सगळीकडे 13, म्हणजे "जमत नाही".

11 कडे नीट बघ. एकेक नाणं वजा केलं की मागे 7, 5 आणि 2; तिन्ही न जमणाऱ्या, म्हणून 11 सुद्धा 13 च राहायला हवा. न जमणाऱ्या घरांत 13 ऐवजी -1 भरलं असतंस, तर `dp[1]+1` मुळे `dp[5]` शून्य झाला असता. पहिलं घर सोडून कुठेही शून्य दिसलं की समज, खूण चुकली.

मग 12. मोठं नाणं आधी उचललंस तर 9 नंतर 3 उरतात आणि अडतोस. तक्त्यात मात्र `dp[6]+1`, म्हणजे 2 यायला हवं: 6 आणि 6.